एका ईमेलला एकच काम

एखाद्या संकेतस्थळावरच्या फॉर्ममध्ये कोणी आपला ईमेल पत्ता भरला, की त्या पत्त्यावर ठरावीक अंतराने आपोआप ईमेल जाऊ लागतात. या ईमेलांच्या साखळीला स्वागत-मालिका म्हणतात. ती एकदाच लिहिली जाते. नवा वाचक जानेवारीत येवो की जुलैत, त्याला पहिल्या ईमेलपासून तीच मालिका मिळते, आणि ती संपली की तो नेहमीच्या साप्ताहिक किंवा मासिक पत्राच्या यादीत जातो.

अशी मालिका सहसा एका बैठकीत तयार होत नाही, ती साचत जाते. सुरुवातीला आभाराचा एक ईमेल असतो. दिवाळीला कूपन सुरू होते, म्हणून त्याचा ईमेल जोडला जातो. इन्स्टाग्रामचे खाते उघडले की त्याची लिंक प्रत्येक ईमेलच्या तळाशी येते. कोणीतरी ग्राहकांचे अभिप्राय दाखवायला सुचवते आणि मधे आणखी एक ईमेल घुसतो. प्रत्येक भर त्या त्या वेळी योग्यच वाटलेली असते, पण सगळी मालिका एका बैठकीत, वाचकाच्या जागेवर बसून कोणी वाचलेली नसते.

उदाहरणासाठी गच्ची-बाल्कनीतल्या बागेसाठी बियाणे आणि कुंड्या विकणारे पुण्यातले एक छोटे दुकान समजू. संकेतस्थळावरच्या फॉर्मवर लिहिले आहे : ‘पत्ता भरा आणि कुंडीतल्या भाज्यांचे वर्षभराचे पेरणी-वेळापत्रक मोफत मिळवा.’ त्यामागे सात ईमेलांची मालिका आहे. पहिल्यात स्वागत, दुकानाची माहिती, दहा टक्के सवलतीचे कूपन आणि अगदी खाली वेळापत्रकाची लिंक. दुसऱ्या दिवशी दुकान कसे सुरू झाले त्याची गोष्ट. तिसऱ्या दिवशी ‘तुम्हाला काय वाढवायला आवडेल?’ हा प्रश्न आणि त्याखाली बियाण्यांची यादी. पाचव्या दिवशी ग्राहकांचे अभिप्राय आणि कूपनची आठवण. सातव्या दिवशी कुंडी भरण्याची कृती, जोडीला तयार संचाची जाहिरात. दहाव्या दिवशी व्हॉट्सॲप गटाचे आमंत्रण. चौदाव्या दिवशी कूपनचा शेवटचा दिवस आणि एक छोटी प्रश्नावली. शिवाय दर रविवारचे साप्ताहिक पत्र पहिल्याच आठवड्यापासून सुरू असते, त्यामुळे दोन आठवड्यांत नऊ ईमेल होतात.

अशा मालिकेची छाटणी करताना पहिले काम म्हणजे ती स्वतः मागवून वाचणे. ईमेल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक ईमेल सुटा उघडून पाहिला तर तो ठीकच दिसतो, कारण तिथे आधी काय आले आणि पुढे काय येणार हे डोळ्यांसमोर नसते. म्हणून नवा पत्ता घेऊन फॉर्म भरावा आणि येणारे ईमेल फोनवर वाचावेत. प्रत्येक ईमेलची एका कागदावर नोंद करावी : कितव्या दिवशी आला, विषयाची ओळ काय, लिंक किती, आणि हा ईमेल वाचून वाचकाने नेमके काय करावे.

शेवटचा रकाना भरताना खरी अडचण येते. तिथले वाक्य वाचकापासून सुरू झाले पाहिजे. ‘दुकानाची ओळख करून देणे’ हा पाठवणाऱ्याचा हेतू झाला. वाचकाने त्यानंतर काय करायचे हे त्यात नाही. ‘वाचकाने वेळापत्रक उघडून या महिन्याचे पान पाहावे’ हा मात्र ईमेलचा उद्देश झाला. दुसरी कसोटी ‘आणि’ या शब्दाची. ‘वाचकाने वेळापत्रक उघडावे आणि कूपन वापरून खरेदी करावी’ असे लिहावे लागले, तर एका ईमेलमध्ये दोन ईमेल कोंबलेले आहेत. उदाहरणातल्या सातपैकी दोनच ईमेलांचे वाक्य ‘आणि’शिवाय पुरे होते : दुकानाच्या गोष्टीचे आणि व्हॉट्सॲपच्या आमंत्रणाचे. त्यातही गोष्टीचे वाक्य दुकानाच्या बाजूने लिहिलेले निघते.

पहिला ईमेल जवळून पाहण्यासारखा आहे. त्यात अकरा लिंक आहेत : वेळापत्रक, कूपन, दुकानाचे मुख्य पान, ‘आमच्याविषयी’, चार समाजमाध्यमे आणि तीन उत्पादने. वाचकाने ज्यासाठी पत्ता दिला ते वेळापत्रक तीन वेळा सरकवल्यावर दिसते. ईमेलची सुरुवात अशी आहे :

‘नमस्कार! आमच्या हरित परिवारात आपले मनःपूर्वक स्वागत. गेली अनेक वर्षे आम्ही पुणेकरांच्या सेवेत असून दर्जेदार बियाणे पुरवणे हेच आमचे ध्येय आहे…’

विषयाच्या ओळीनंतर इनबॉक्सच्या यादीत मजकुराचे पहिले काही शब्द दिसतात. इथे वाचकाला तिथे ‘हरित परिवारात आपले मनःपूर्वक स्वागत’ एवढेच दिसते. आपण मागितलेली वस्तू याच ईमेलमध्ये आहे, हे त्याला उघडल्याशिवाय कळत नाही. मजकूर सुंदर अक्षरांत दिसावा म्हणून काही जण पूर्ण ईमेल एका चित्राच्या रूपात पाठवतात. तेव्हा तर यादीत दाखवायला शब्दच उरत नाहीत, आणि चित्रे बंद ठेवणाऱ्या वाचकासमोर कोरी चौकट येते.

नंतर येते प्रत्यक्ष छाटणी. प्रत्येक ईमेलमधल्या प्रत्येक भागाबाबत एकच प्रश्न विचारायचा : हा भाग नसता, तर वाचकाचे पुढचे पाऊल अडले असते का? दुकानाच्या गोष्टीचा ईमेल काढला तर कोणाचेच काही अडत नाही. तरी त्यात एक वाक्य मोलाचे आहे : ‘आमच्या गच्चीवर स्वतः उगवून पाहिल्याशिवाय आम्ही कोणतेही बी विकत नाही.’ हे वाक्य वाचकाला पैसे देताना हवे असते, दुसऱ्या दिवशी नाही. म्हणून ते विक्रीच्या ईमेलमध्ये जाते आणि उरलेली गोष्ट संकेतस्थळावरच्या ‘आमच्याविषयी’ पानावर. अभिप्रायांचेही तसेच. दहा अभिप्रायांचा वेगळा ईमेल वाचायला जड जातो. त्यातला एक, वाचकाच्या जागेशी जुळणारा, विक्रीच्या ईमेलमध्ये पुरतो. व्हॉट्सॲप गट आणि समाजमाध्यमे तळाच्या एका ओळीत जातात. प्रश्नावली मालिका संपल्यावर महिन्याभराने पाठवायची, कारण चौदाव्या दिवशी वाचकाकडे सांगण्यासारखे काही जमलेले नसते.

कूपनचा निर्णय सर्वांत कठीण, कारण मालकाचा जीव त्यातच गुंतलेला असतो. ते पहिल्याच ईमेलमध्ये दिले की वाचकाला आपल्याला काय लागणार आहे हे कळण्याआधी घाईचे निमंत्रण मिळते. जो वाचक तसेही विकत घेणार होता त्यालाही सवलत जाते, आणि ज्याला वेळापत्रक हवे होते त्याला हे निव्वळ विक्रीचे जाळे वाटू लागते. मात्र फॉर्मवर ‘पत्ता भरा आणि दहा टक्के सवलत मिळवा’ असे लिहिलेले असते, तर कूपन पहिल्याच ईमेलमध्ये, सर्वांत वर यायला हवे होते. फॉर्मवर जे कबूल केले, तेच पहिल्या ईमेलचे काम. या दुकानाने वेळापत्रक कबूल केले आहे.

छाटणीनंतर चार उद्देश उरतात : वेळापत्रक उघडणे, आपल्या जागेची माहिती सांगणे, पहिली कुंडी पेरणे, पहिली खरेदी करणे. आता क्रम लावायचा. क्रम लावताना ईमेलांमधल्या अवलंबनाकडे पाहावे लागते, म्हणजे कोणत्या ईमेलला आधीच्या कोणत्या गोष्टीची गरज आहे याकडे. विक्रीच्या ईमेलला वाचकाकडे किती ऊन येते हे माहीत असण्याची गरज आहे, कारण तीन-चार तास ऊन असेल तर मेथी, माठ, पालक अशा पालेभाज्या निघतात, पण टोमॅटो, मिरची, भेंडी यांना सहा तासांच्या आसपास थेट ऊन लागते. पेरणीच्या ईमेललाही तीच माहिती हवी. म्हणून जुन्या मालिकेत तिसऱ्या दिवशी, बियाण्यांच्या यादीच्या गर्दीत हरवलेला प्रश्न आता दुसऱ्या स्थानी, एकटा येतो. नवी मालिका अशी होते.

पहिला ईमेल नोंदणी होताच जातो. विषयाची ओळ : ‘तुमचे पेरणी-वेळापत्रक’. मजकूर एवढाच :

‘कुंडीतल्या भाज्यांचे वेळापत्रक इथे आहे. उघडल्यावर सरळ या महिन्याच्या पानावर जा आणि त्यातली एकच भाजी निवडा. उद्या एक छोटा प्रश्न विचारू, म्हणजे तुमच्या जागेला काय जमेल ते सांगता येईल.’

खाली ‘वेळापत्रक उघडा’ हे बटण. बटणावर ‘अधिक माहिती’ असे लिहिले तर दाबल्यावर काय मिळणार ते कळत नाही. कृतीचे नाव लिहिले की शंका राहत नाही. शेवटचे वाक्य पुढच्या ईमेलची वाट तयार करते, त्यामुळे तो आगंतुक वाटत नाही.

दुसरा ईमेल दुसऱ्या दिवशी जातो. त्यात एकच प्रश्न : ‘तुमच्या बाल्कनीत किंवा गच्चीवर थेट ऊन किती तास येते?’ खाली तीन उत्तरे : चार तासांपेक्षा कमी, चार ते सहा, सहापेक्षा जास्त. प्रत्येक उत्तर ही एक लिंक असते आणि ती दाबली की सॉफ्टवेअरमध्ये त्या वाचकाच्या नावापुढे खूण होते. इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. एक उद्देश म्हणजे एक लिंक नव्हे. या ईमेलमध्ये तीन लिंक आहेत, पण तिन्हींचे काम एकच : ऊन किती ते सांगणे. उलट एकच लिंक असलेला ईमेलही गोंधळाचा असू शकतो, जर त्यात आधी चार वेगळे विषय चघळले असतील.

या प्रश्नात एक तांत्रिक खड्डा आहे. अनेक कार्यालयांच्या ईमेल-यंत्रणा सुरक्षेसाठी आलेल्या ईमेलमधल्या सगळ्या लिंक स्वतःच उघडून तपासतात. तसे झाले की त्या वाचकाच्या नावापुढे काही क्षणांत तिन्ही खुणा होतात. नोंदीत एकाच सेकंदाला तीन उत्तरे दिसली, तर ती माणसाने दिलेली नाहीत हे ओळखावे. उपाय सोपा आहे : लिंकने एक छोटे पान उघडावे आणि त्या पानावरचे ‘हो, एवढेच ऊन येते’ हे बटण दाबल्यावरच खूण व्हावी. आणि ज्यांनी उत्तर दिलेच नाही त्यांना अडवून ठेवायचे नाही. त्यांना पुढचा ईमेल पालेभाज्यांचा जातो, कारण त्या कमी उन्हातही येतात.

तिसरा ईमेल पहिली कुंडी पेरण्याचा. त्यात तयार संचाची जाहिरात नाही. माती, कंपोस्ट आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात मिसळायचे, कुंडीच्या तळाला भोक असल्याची खात्री करायची, घरातल्या डब्यातली मेथी विस्कटून वर मातीचा पातळ थर द्यायचा. स्वयंपाकघरातली मेथी वापरा असे सांगण्यात दुकानाची एका पाकिटाची विक्री जाते हे खरे. पण या ईमेलचा उद्देश हात मातीला लागणे हा आहे, आणि बी विकत आणण्याची अट घातली की तो पुढच्या रविवारवर जातो.

चौथा ईमेल विक्रीचा. तो कधी पाठवायचा, हे इथे बी ठरवते. मेथी तीन ते पाच दिवसांत उगवते. पेरणीचा ईमेल चौथ्या दिवशी गेला आणि वाचकाने दोन-तीन दिवसांत पेरणी केली, तर बाराव्या दिवसाच्या सुमारास त्याच्या कुंडीत हिरवे दिसते. त्याच वेळी ‘मेथी उगवली का? आता पुढची भाजी’ असा ईमेल यावा, त्यात वाचकाच्या उन्हाला जुळणारी दोन बियाणी, तो एक अभिप्राय, बी उगवून पाहिल्याचे वाक्य आणि द्यायचेच असेल तर कूपन. अनेक ठिकाणी ‘दर दोन दिवसांनी एक’ असे अंतर सरसकट ठेवलेले असते. त्याला काही आधार नसतो. आधीच्या ईमेलमध्ये सांगितलेले काम करायला वाचकाला जेवढा वेळ लागतो, तेवढे अंतर द्यावे. वेळापत्रक उघडायला दोन मिनिटे लागतात, म्हणून दुसरा ईमेल उद्याच चालतो. बी रुजायला दिवस लागतात, म्हणून चौथा थांबतो.

क्रमाइतकेच महत्त्व आजूबाजूच्या नियमांना आहे. पहिला नियम : मालिका चालू असेपर्यंत वाचकाला साप्ताहिक पत्र जाऊ द्यायचे नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘मालिकेत असलेले वाचक वगळा’ अशी सोय असते, पण ती आपणहून सुरू करावी लागते. ती विसरली, तर चार ईमेलांत साधलेला एकच धागा रविवारी तुटतो. दुसरा नियम : ज्याने मधेच खरेदी केली त्याला विक्रीचा ईमेल जायला नको. काल पूर्ण किंमत देऊन बी घेतलेल्या माणसाला आज दहा टक्के सवलत दिसली, तर त्याला फसल्यासारखे वाटते. त्याला मालिकेतून बाहेर काढून सरळ साप्ताहिक यादीत न्यावे.

छाटणीला पोहोचण्याचीही एक बाजू आहे. जीमेल १०२ किलोबाइटपेक्षा मोठा ईमेल कापून दाखवते आणि उरलेला भाग ‘पूर्ण संदेश पाहा’ अशा लिंकमागे जातो. नुसत्या मजकुराने एवढा आकार सहसा होत नाही. तो होतो सजवलेल्या साच्यामुळे आणि एकाखाली एक रचलेल्या उत्पादनांच्या चौकटींमुळे. कापलेल्या भागात बहुधा तळाची ‘अनसबस्क्राइब’ लिंक असते. बाहेर पडण्याचा रस्ता सापडला नाही की वाचक ‘स्पॅम’चे बटण दाबतो. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून लागू केलेल्या नियमांनुसार स्पॅम म्हणून नोंदवलेल्या ईमेलांचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली, म्हणजे हजारात तिनाहून कमी ठेवावे लागते. हजार ईमेलांमागे तीन नाराज माणसेही त्या रेषेवर नेऊन पोहोचवतात, आणि दोन आठवड्यांत नऊ ईमेल पाठवणारा पाठवणारा त्या बटणाची संधी नऊ वेळा देत असतो.

जुन्या मालिकेवरून नवीवर जाताना घाई केली तर गोंधळ होतो. उदाहरणातल्या मालिकेत कोणी वाचक पाचव्या दिवशी आहे आणि त्याच वेळी ईमेलांचा क्रम बदलला, तर सॉफ्टवेअरप्रमाणे त्याला एखादा ईमेल दुसऱ्यांदा मिळतो किंवा एखादा कायमचा सुटतो. म्हणून चालू मालिकेला हात लावू नये. तिची प्रत काढून त्या प्रतीवर फेरबदल करावेत, फॉर्म नव्या मालिकेला जोडावा, आणि जुनी मालिका आत असलेल्यांसाठी चौदा दिवस तशीच चालू द्यावी. ती रिकामी झाली की बंद करावी.

नवी मालिका बरी आहे की नाही हे उघडण्याच्या टक्केवारीवरून ठरवता येत नाही. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली, तिच्यामुळे ईमेलमधली चित्रे, त्यातल्या मोजणीच्या अदृश्य ठिपक्यासह, वाचकाने ईमेल उघडला नसला तरी आधीच उतरवून घेतली जातात. त्यामुळे न वाचलेला ईमेलही ‘उघडला’ म्हणून मोजला जातो. एक उद्देश ठरवलेला असला की मोजमाप आपोआप ठरते : पहिल्या ईमेलसाठी वेळापत्रक किती जणांनी उघडले, दुसऱ्यासाठी उत्तर किती जणांनी दिले, चौथ्यासाठी खरेदी किती जणांनी केली. पेरणीचा ईमेल मोजणे अवघड आहे, कारण कुंडीतली मेथी कोणत्या सॉफ्टवेअरला दिसत नाही. त्यासाठी ‘उगवल्यावर फोटो पाठवा’ एवढी ओळ टाकावी आणि आलेली उत्तरे हाताने मोजावीत.

मोजताना भागाकाराकडे लक्ष हवे. चौथ्या ईमेलमुळे झालेल्या खरेदीला फॉर्म भरलेल्या सगळ्यांनी भागायचे नाही. चौथा ईमेल ज्यांना खरोखर गेला त्यांनी भागायचे. मधे सोडून गेलेले, आधीच खरेदी करून बाहेर पडलेले यांना त्यात धरले, तर चांगला ईमेलही वाईट दिसतो. दोन मालिकांची तुलना करताना मात्र उलट करावे लागते : बदलाआधी आणि बदलानंतर फॉर्म भरलेले दोन गट घ्यायचे, दोघांनाही सारखाच अवधी, समजा तीस दिवस, द्यायचा आणि फॉर्म भरलेल्या प्रत्येक शंभरांमागे खरेदी किती झाली ते पाहायचे. महिन्याला चाळीसच नवे वाचक येत असतील, तर आधी चार जणांनी आणि आता पाच जणांनी खरेदी केली, हा फरक एका माणसाचा आहे. त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, काही महिने थांबावे लागते. तोवर वाचकांची उत्तरे वाचणे हाच अधिक भरवशाचा पुरावा. ‘वेळापत्रक कुठे आहे?’ असे विचारणारे ईमेल येणे थांबले, तर पहिल्या ईमेलची दुरुस्ती लागू पडली आहे.

स्वागत-मालिका कोणी रोज पाहत नसल्यामुळे तिच्यातली चूक महिनोन्‌महिने तशीच राहते. या दुकानासाठी मोठी अडचण ऋतूची आहे. मेथी थंडीत उत्तम येते, पण जुलैच्या संततधार पावसात उघड्या गच्चीवर तिची रोपे कुजतात. त्या काळात फॉर्म भरणाऱ्याला मेथीचा ईमेल गेला, तर त्याची पहिलीच कुंडी वाया जाते आणि चौथ्या ईमेलमधला ‘उगवली का?’ हा प्रश्न त्याला टोचतो. म्हणून तिसऱ्या ईमेलच्या दोन आवृत्त्या कराव्या लागतात : ऑक्टोबर ते फेब्रुवारी मेथीची, जून ते सप्टेंबर ऊन भरपूर असलेल्यांना भेंडीची आणि इतरांना आडोशाला ठेवलेल्या कुंडीतल्या माठाची. भेंडी उगवायला आठवडाभर लागू शकतो, म्हणून त्या आवृत्तीत चौथा ईमेल आणखी चार दिवस पुढे सरकतो. मार्च ते मे या महिन्यांत माठ चालतो, फक्त दुपारच्या सावलीची एक ओळ वाढवावी लागते. दर तीन महिन्यांनी नवा पत्ता घेऊन फॉर्म भरावा, चारही ईमेल फोनवर येऊ द्यावेत, प्रत्येक लिंक दाबून पाहावी आणि वेळापत्रकाच्या लिंकमागे चालू वर्षाचीच प्रत उघडते ना, हे तपासावे.